नकली ऑइलचा डबा : बाटली खरी असते, आतलं ऑइल खोटं

प्रश्न : देवगडजवळच्या गावात राहतो. १०० सीसीची गिअरवाली बाईक आहे. एकाच कंपनीच्या ९०० मिली ऑइलच्या डब्याला सर्व्हिस सेंटरने ४३० रुपये लावले, गावातला गॅरेजवाला ४०० सांगतो आणि ऑनलाइन तोच डबा २६५ ला दिसतो. एवढा फरक कसा? ऑनलाइनवाला नकली असेल का? ओळखायचं कसं?

उत्तर :

मी कुडाळला सव्वीस वर्षं दुचाकींचं गॅरेज चालवतो. त्याआधी चार वर्षं एका सर्व्हिस सेंटरला होतो, त्यामुळे ऑइलचा डबा दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. आधी पैशांचा हिशोब सांगतो. तो डोक्यात बसला की बाटली हातात घ्यायच्या आधीच अर्धा निकाल लागतो.

४३० ही छापील किंमत आहे. तिच्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे साधारण ६५ रुपये सरकारचे. उरलेल्या ३६५ मध्ये कंपनी, वितरक आणि दुकानदार असे तिघे बसतात. अशा डब्यांची पूर्ण पेटी मी वितरकाकडून उचलतो तेव्हा मला एक डबा करासकट ३४० ते ३५० ला पडतो. कधी स्कीम असली तर दहा-पंधरा रुपये आणखी कमी. म्हणजे तुमचा गॅरेजवाला ४०० ला देतो त्यात त्याला पन्नासेक रुपये सुटतात, आणि बहुतेक गावांत तेवढ्यात तो ऑइल बदलूनही देतो. सर्व्हिस सेंटर छापील किंमत लावतं आणि मजुरी वेगळी घेतं. हा फरक धंद्याच्या पद्धतीचा आहे, ऑइलच्या दर्जाचा नाही.

ऑनलाइन मोठा विक्रेता शेकड्याने माल उचलतो आणि डब्यामागे थोड्यावर समाधान मानतो. त्यामुळे ४३० चा डबा ३४०-३५० ला दिसला तर मला त्यात काही खटकत नाही. २६५ खटकतं. त्या २६५ मधून देवगडपर्यंतचं कुरिअर, साइटचं कमिशन आणि कर वजा करा. विक्रेत्याच्या हातात दोनशेसुद्धा राहत नाहीत. जो माल पेटीने घेणाऱ्याला कर वगळूनही २९० च्या आसपास पडतो, तो कोणी दोनशेच्या आत का विकेल?

मात्र एक गोष्ट आधी तपासा. तो खरंच तोच डबा आहे का? एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या बाटलीत स्कूटरचं ऑइल वेगळं असतं आणि बाईकचं वेगळं. लेबलवर ‘जासो’ या शब्दापुढे ‘एमबी’ असेल तर ते स्कूटरसाठी आहे. तुमच्या बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिला ‘एमए’ किंवा ‘एमए-२’ लागतं. एमबी ऑइल मुद्दाम जास्त घसरडं केलेलं असतं. ते बाईकमध्ये घातलं तर चढावावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे जात नाही, कारण क्लच प्लेटा घसरतात. ‘नकली ऑइल मिळालं’ म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी काहींत हाच प्रकार निघाला. ऑइल अस्सल होतं, पण दुसऱ्या गाडीचं. दुसरं म्हणजे मापाकडे पाहा. ८०० मिलीचा डबा ९०० च्या शेजारी फोटोत सारखाच दिसतो.

आता नकली डब्याकडे येतो. लोक लेबलवरचं स्पेलिंग बघतात, रंग फिका आहे का बघतात. तशी ढोबळ नक्कल आता फारशी दिसत नाही, कारण तिची गरजच राहिलेली नाही. बाटली अस्सल कंपनीचीच असते, लेबलही कंपनीचंच. आत भरलेलं ऑइल तेवढं दुसरं असतं.

हे मला कळलं ते भंगारवाल्यामुळे. रिकामे डबे इतर प्लास्टिकबरोबर किलोवर जायचे. एके वर्षी बाहेरून एक माणूस येऊ लागला. तो किलोवर नाही, नगावर पैसे द्यायचा. अट एवढीच, की डबा झाकणासकट हवा, लेबल फाटलेलं नको, आणि बाटलीवर ऑइलचे काळे हात लागलेले नकोत. वितळवून बादल्या करायच्या असतील तर लेबल फाटलेलं असो की नसो, काय फरक पडतो? त्या दिवशी मी त्याला हात जोडले. तेव्हापासून प्रत्येक रिकाम्या डब्याच्या पोटात गिऱ्हाइकासमोर स्क्रू-ड्रायव्हर खुपसतो. तुम्ही कुठेही ऑइल बदला, आपला रिकामा डबा भोसकून टाका नाहीतर घरी न्या. तो अख्खा मागे राहिला, तर उद्या त्यात कोणीतरी काढलेलं काळं ऑइल गाळून, रंग उडवून भरेल.

म्हणून तपासताना बाटलीच्या ज्या वस्तू एकदाच वापरता येतात त्यांच्याकडेच बघायचं. झाकणाखालची रिंग, आतलं फॉइल, बॅच आणि तारखेची छपाई, आणि असेल तर कंपनीचा खास कोड. बाकी सगळं पुन्हा वापरता येतं.

गेल्या वर्षी गणपतीनंतर आलेलं एक प्रकरण सविस्तर सांगतो. आचऱ्याचा एक गिऱ्हाईक बाईक घेऊन आला. म्हणाला, "तेल नवीनच घातलंय, तरी इंजिन खडखडता कशाक?" त्याने ऑनलाइन दोन डबे मागवले होते. एक स्वतः घरी घातला आणि गाडी सुमारे ७०० किलोमीटर चालली. टॅपेटचा आवाज वाढला होता. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरलेलं, काळं आणि पाण्यासारखं पातळ. मला आधी पिस्टन रिंगांचा संशय आला. ऑइल कमी होण्याचं कारण इंजिनातही असू शकतं, सगळा दोष डब्यावर टाकता येत नाही. सुदैवाने दुसरा डबा त्याने न फोडता आणला होता.

मी माझ्या कपाटातला त्याच कंपनीचा, त्याच ग्रेडचा, म्हणजे १०डब्ल्यू-३० चा डबा शेजारी ठेवला. एकटा डबा पाहून फार काही समजत नाही. खात्रीचा जोडीदार शेजारी असला की फरक दिसू लागतात.

पहिल्यांदा दोन्ही डबे शेजारच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. माझा ८५८ ग्रॅम भरला, त्याचा ८२९. ऑइल पाण्याहून हलकं असतं, एका लिटरचं वजन साधारण ८६० ते ८९० ग्रॅम. म्हणजे २९ ग्रॅमची तूट ही जवळजवळ ३३ मिलीची तूट झाली. कंपनीच्या मशीनवर भरलेल्या दोन डब्यांत एवढा फरक पडू नये. हाताने भरताना पडतो.

मग बाटल्या उलट्या केल्या. काही बाटल्यांच्या बुडाशी प्लास्टिकमध्येच साच्याचा वर्ष-महिना उमटलेला असतो, घड्याळाच्या तबकडीसारखा एक छोटा गोल. सगळ्या बाटल्यांवर तो नसतो, पण या दोन्हींवर होता. माझ्या डब्याची बाटली आणि ऑइल भरल्याची तारीख यांत दोन महिन्यांचं अंतर होतं. त्याच्या डब्यावर ऑइल त्याच वर्षी भरल्याचं छापलेलं आणि बाटली मात्र त्याच्या दोन वर्षं आधीची. कंपन्या रिकाम्या बाटल्या दोन वर्षं साठवून ठेवत नाहीत. तारखेची छपाई उन्हात तिरकी धरली तर खाली आधीच्या अंकांची पुसट सावलीही दिसत होती. जुनी तारीख थिनरने पुसून नवी मारली होती.

झाकण फिरवल्यावर रिंग एका बाजूने आधीच सुटलेली निघाली. खऱ्या झाकणात रिंगेचे सगळे दात तुम्ही पहिल्यांदा पिळ देता तेव्हा कडकड तुटतात, हाताला ते जाणवतं. त्याचं झाकण मऊपणे फिरलं. आट्यांमध्ये चिकट ऑइल होतं. कारखान्यात भरलेल्या डब्याच्या आट्या कोरड्या असतात, कारण तोंड फॉइलने बंद झाल्यावर ऑइल वर यायला वाटच नसते. फॉइल उचलल्यावर ते गोंदाच्या कडेसह अख्खं सुटलं. अस्सल फॉइल बाटलीच्या ओठाला उष्णतेने चिकटवलेलं असतं. ते ओढलं तर फाटतं, आणि ओठावर सगळीकडे सारख्या जाडीचा चंदेरी किंवा पांढरा वळसा सोडतं.

एवढ्यावर माझी खात्री झाली होती, पण गिऱ्हाइकाला ऑइलच बघायचं होतं. म्हणून खोकल्याच्या औषधाच्या दोन सारख्या काचेच्या बाटल्या घेतल्या, धुऊन पूर्ण कोरड्या केल्या आणि दोन्हींत निम्म्यापर्यंत ऑइल भरलं. खोलीत उलट्या केल्या तेव्हा दोन्हींतले बुडबुडे जवळपास सारखे चढले, रंगातही फार फरक नव्हता. रंगावर मी कधीच भरवसा ठेवत नाही, तो कोणीही घालू शकतो. मग दोन्ही बाटल्या चार तास फ्रीजरमध्ये ठेवल्या. बाहेर काढल्यावर माझ्या बाटलीतला बुडबुडा हळू पण सरळ वर गेला. त्याच्या बाटलीतलं ऑइल काकवीसारखं झालं होतं आणि बुडबुडा मध्येच अडकला. नंतर दोन्ही बाटल्या सामान्य तापमानाला येऊ दिल्या आणि कढत पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या. आता त्याचं ऑइल माझ्यापेक्षा भरभर वाहू लागलं.

याचा अर्थ समजून घ्या. १०डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ थंडीसाठी असतो. असं ऑइल थंडीत फार घट्ट होऊ नये आणि तापल्यावर फार पातळ होऊ नये, यासाठी त्यात खास द्रव्यं घातलेली असतात. गाळलेल्या जुन्या ऑइलमध्ये ती झिजून गेलेली असतात. म्हणून ते थंडीत जास्त घट्ट होतं आणि गरम झालं की जास्त पातळ. कोकणात आपल्याला थंडीचा त्रास नाही, पण गरम इंजिनात पातळ होणं मारक आहे. टॅपेट खडखडत होते ते त्यामुळेच.

या चाचणीची मर्यादाही सांगतो. ती फक्त घट्टपणा दाखवते. झीज रोखणारी आणि आम्ल मारणारी द्रव्यं ऑइलमध्ये आहेत की नाहीत, हे घरी कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. तिथे १०० अंश तापमानाला घट्टपणा मोजतात, जो या ग्रेडला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्सच्या आत यायला हवा. शिवाय आम्ल शोषण्याची ताकद आणि जस्त, फॉस्फरस यांचं प्रमाण पाहतात. एका डब्यासाठी तो खर्च परवडत नाही, आम्हीही केला नाही. आणि खात्रीचा जोडीचा डबा हाताशी नसेल तर फ्रीजरचा प्रयोग करूच नका, एकट्या बाटलीवरून काहीच ठरवता येत नाही.

गाडीचं पुढे काय झालं? गरम इंजिनावर ड्रेन नट काढून ऑइल पूर्ण निथळू दिलं, चांगलं भरलं, टॅपेट सेट केले. ५०० किलोमीटरवर ते पुन्हा बदलायला लावलं, म्हणजे राहिलेला गाळ निघून जाईल. त्यानंतर हजार किलोमीटरला डिपस्टिकवरची पातळी नावापुरती उतरली. तेव्हा पिस्टन रिंगांवरचा माझा संशय फिटला. कॅमवर एक बारीक ओरखडा मात्र कायमचा राहिला.

कोडाबद्दल एक इशारा. काही कंपन्या झाकणावर किंवा लेबलवर खरडून काढायचा कोड देतात. तो प्रत्येक डब्याचा वेगळा असतो आणि एकदाच चालतो. ‘हा कोड आधीच तपासला आहे’ असं उत्तर आलं तर डबा परत करा. नुसता चौकोनी क्यूआर असेल आणि स्कॅन केल्यावर फक्त कंपनीचं पान उघडत असेल, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, तो फोटोकॉपी करूनही लावता येतो. शक्यतो कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून किंवा तिच्या अॅपमधून कोड तपासा. डब्यावरचा क्यूआर तुम्हाला कुठल्या पानावर नेईल याची खात्री नसते.

मग घ्यायचं कुठून? तुमच्या जागी मी असतो तर पहिल्यांदा पेट्रोल पंपावर गेलो असतो. इंडियन ऑइलच्या पंपावर सर्वो, भारत पेट्रोलियमच्या पंपावर मॅक आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या पंपावर एचपी अशी त्या त्या कंपनीची ऑइलं मिळतात. माल थेट कंपनीच्या साखळीतून येतो. बाईकच्या पुस्तकात दिलेला ग्रेड आणि एमए किंवा एमए-२ जुळला की दुसऱ्या कंपनीचं ऑइल घालायला हरकत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र पुस्तकात काय लिहिलंय ते आधी बघा आणि बिलं जपून ठेवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये नकली मालाची भीती सगळ्यात कमी. पण तिथे ऑइल बहुधा मोठ्या बॅरलमधून मापाने भरतात, म्हणून तुम्हाला बाटली दिसतच नाही. बिलावर किती मिली लावलं ते वाचा आणि ऑइल निघताना शक्य असेल तर शेजारी उभे राहा.

गॅरेजवाला ओळखीचा असेल तर ४०० काही वाईट नाहीत. त्याला दोन गोष्टी मोकळेपणाने सांगा. डबा माझ्यासमोर फोडा, आणि बिल द्या. बिलावर कंपनीचं नाव, ग्रेड आणि बॅच नंबर लिहून मागा. प्रामाणिक माणूस रागावत नाही. मी तर गिऱ्हाइकाने विचारलं की खूश होतो. बिनलेबलच्या कॅनमधलं सुटं ऑइल मात्र कितीही स्वस्त असलं तरी नको. आणि पावसाळ्यात पुराच्या पाण्यात भिजलेल्या पेट्या कोणी स्वस्तात देऊ लागला तर त्याही नको. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर मलाही अशा पेट्या दाखवल्या होत्या. सीलबंद बाटलीतलं ऑइल कदाचित ठीकही असेल, पण लेबल आणि बॅच धुऊन गेल्यावर ते कुठून आलं हे सांगणारं काहीच उरत नाही.

ऑनलाइन घ्यायचंच असेल तर साइटचं नाव बघू नका, विक्रेत्याचं बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटला विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवावा लागतो. कंपनीचं स्वतःचं दुकान किंवा तिने अधिकृत म्हणून जाहीर केलेला विक्रेता असेल तरच मागवा. खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, त्यात खोक्यावरचा पत्ता, झाकणाची रिंग आणि बॅच नंबर स्पष्ट दिसू द्या. आल्या दिवशीच वजन करा. दोन-चार महिन्यांनी ऑइल बदलताना दोष दिसला तर परत करण्याची मुदत संपलेली असते. आचऱ्याच्या गिऱ्हाइकाचं हेच झालं.

डबा नकली निघालाच तर ऑइल ओतून टाकू नका. निम्मं तरी त्याच बाटलीत राहू द्या, झाकण, रिंग आणि फॉइल एका पिशवीत ठेवा. बिल किंवा ऑर्डरचा फोटो जोडून आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवा, तो नंबर डब्यावर छापलेला असतो. बाजारात आपल्या नावाचा खोटा माल फिरतोय हे कळलं की कंपन्या स्वतःच पोलिसांकडे जातात, कारण दुसऱ्याचं बोधचिन्ह वापरून माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. छापील किंमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे जाते.

तुम्ही तो २६५ चा डबा आधीच मागवला असेल तर इंजिनात घालू नका. न फोडता कुडाळला घेऊन या, माझ्या डब्याशेजारी ठेवून बघू.